पाळी बदलते त्या दिवसाची झोप

नाईट ड्युटीच्या वर्षांत आम्ही एक चूक वारंवार केली. शेवटची रात्र संपली की दिवसभर झोपायचो. मग रात्री डोळा लागत नसे आणि सकाळची पाळी जांभया देत जायची.

रविवारी सकाळी 7 ला सुटून सोमवारी 7 ला हजर व्हायचे असेल, तर हलकी न्याहारी करून साडेआठ ते बारा एवढेच झोपा. गजर लावा. जेवून उजेडात पायी बाजारहाट करा. पेंगत दुचाकी चालवू नका. दुपारी 2 नंतर चहा नको. रात्री 8 ला जेवण, साडेनऊला अंथरूण.

बँक, रेशनची कामे दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातील सकाळी उरका. रातपाळीत ती झोप खातात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदलत्या वेळांचे डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावेत.