वर्णन टीव्हीत नसतं, कार्यक्रमात असतं

अंध माणसासाठी टीव्हीवर 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' लावायला बसलेल्या घरांत एक चूक हमखास होते. चंद्रपूर असो की गडचिरोली, माझ्या पाहण्यात ती इतकी सारखी आहे की आता पहिल्यांदा तिथूनच बोलायला सुरुवात करतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये Accessibility नावाचा विभाग असतो, त्यात Audio Description असं बटण दिसतं, घरातला कुणी शिकलेला मुलगा ते चालू करतो आणि मग काहीच होत नाही. मालिका होती तशीच ऐकू येते. दुकानदाराला फोन जातो, तो टीव्ही रीसेट करायला सांगतो. कुणी आणखी महागाचा संच घ्यायला निघतो. खरं तर टीव्ही बिघडलेला नसतो. दृश्याचं वर्णन ही टीव्हीने तयार करायची गोष्टच नाही. संवादांच्या मधल्या रिकाम्या जागांत कोण आत आलं, कुणी कुणाकडे पाहिलं, हातात काय होतं हे सांगणारा आवाज आधी लिहून, ध्वनिमुद्रित करून त्या चित्रपटासोबत वेगळा ध्वनिपट म्हणून जोडलेला असतो. तो जोडलेला असेल तर साध्या मोबाइलवरही वाजतो. नसेल तर लाखाच्या टीव्हीतूनही येत नाही. म्हणून शोध टीव्हीच्या सेटिंगमध्ये नाही, त्या त्या कार्यक्रमाच्या ऑडिओच्या यादीत घ्यायचा.

मग ते बटण कशाला दिलंय, असं कुणीही विचारेल. ते प्रक्षेपणासाठी आहे. वाहिनीच्या सिग्नलमध्ये एकाहून जास्त ध्वनिपट पाठवता येतात. प्राण्यांच्या किंवा कार्टूनच्या वाहिनीवर रिमोटने भाषा बदलते ती याच सोयीमुळे. ब्रिटनमध्ये कायद्याने वाहिन्यांना काही टक्के कार्यक्रम वर्णनासह दाखवावे लागतात, म्हणून तिथल्या टीव्हीला ते बटण लागतं, आणि तोच संच थोड्याफार फरकाने आपल्याकडे विकला जातो. आपल्या मराठी वाहिन्यांच्या मालिकांसोबत असा पट येत नाही, मग बटण चालू असून उपयोग काय? त्यात डिशचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयच्या वायरीने जोडलेला असेल तर ध्वनिपट निवडण्याचं काम बॉक्स करतो आणि टीव्हीच्या त्या बटणाला विचारतही नाही. याच विभागात आणखी एक बटण असतं, ते गोंधळ वाढवतं. सॅमसंगवर त्याचं नाव Voice Guide, एलजीवर Audio Guidance, गुगल टीव्हीवर TalkBack, फायर टीव्हीवर VoiceView. हा आवाज पडद्यावरच्या अक्षरांचा: कुठल्या चौकटीवर आहात, कुठलं बटण दाबलंत हे तो सांगतो. चित्रपटात काय चाललंय ते त्याला कळत नाही. पण तो बिनकामाचा आहे असंही समजू नका, कारण वर्णनाच्या पटापर्यंत अंध माणसाला स्वतः पोचायचं असेल तर वाट तोच दाखवतो.

एक उदाहरण नीट घेऊ. घरात गुगल टीव्ही आहे, नेटफ्लिक्स चालतं आणि 'अवर प्लॅनेट' ही 2019 ची निसर्गमाला लावायची आहे. पहिल्यांदा TalkBack सुरू करा. सेटिंगच्या Accessibility मध्ये ते सापडतं. बऱ्याच गुगल टीव्ही संचांवर रिमोटवरचं मागे जाण्याचं आणि खालच्या बाणाचं बटण एकत्र काही क्षण दाबून धरलं तरी सुरू होतं. फायर टीव्हीवर मागे जाण्याचं आणि तीन आडव्या रेषांचं मेनू बटण दोन सेकंद धरायचं. आता रिमोट अंध माणसाच्या हातात द्या, आपण धरू नका. नेटफ्लिक्स उघडून कार्यक्रम सुरू करायचा, तो चालू असतानाच बाणाची बटणं दाबत Audio & Subtitles असं ऐकू येईपर्यंत जायचं. आत भाषांची यादी असते. तिथे नुसतं English निवडलं तर मूळ आवाज मिळतो. त्याच यादीत English - Audio Description अशी वेगळी ओळ असते, ती हवी. प्राइम व्हिडिओवरही हीच रीत, फक्त तिथे भाषेच्या नावापुढे चौकटी कंसात Audio Description लिहिलेलं असतं. यादीत तशी ओळच नसेल तर त्या कार्यक्रमाला वर्णन नाही, आणि कितीही सेटिंग उलटीपालटी केली तरी ते येणार नाही. पंधरा मिनिटं झगडण्याऐवजी दुसरा कार्यक्रम लावावा. नेटफ्लिक्सवर शोधाच्या जागी audio description असं टाकलं की वर्णन असलेल्या कार्यक्रमांची यादीच मिळते. सुरुवात तिथून केली तर निम्मी चिडचिड वाचते.

लागलं की नाही हे ओळखायला पहिली दोन मिनिटं पुरतात. वर्णन असेल तर बहुधा सुरुवातीच्या बोधचिन्हापासूनच एक वेगळा, शांत आवाज बोलू लागतो आणि पात्रं गप्प झाली की पुन्हा येतो. बटण दाबल्यावरच आवाज येत असेल आणि चित्रपट चालू झाल्यावर थांबत असेल, तर तो TalkBack आहे, वर्णन अजून लागलेलं नाही. 'अवर प्लॅनेट'सारख्या मालेत तिसरा घोळ होतो: डेव्हिड ॲटनबरोंचं निवेदन ऐकून लोकांना वाटतं हेच वर्णन. निवेदक प्राण्याची माहिती देतो, पण प्रेक्षक पाहतोय हे धरून बोलतो; वर्णनाचा पट निवडला की दुसराच माणूस मधे येऊन दिसतंय ते सांगतो. दोन माणसं ऐकू आली तर जमलं. आणखी एक गोष्ट सवयीने करून ठेवावी. अंध माणसाचं प्रोफाइल वेगळं काढा. ॲप सहसा शेवटी निवडलेला पट लक्षात ठेवतं, पण एकाच प्रोफाइलवर सगळं घर पाहत असेल तर रात्री कुणीतरी तो बदलतो आणि सकाळी 'ते बंद पडलं' अशी तक्रार येते. मधे वर्णन नसलेला एखादा कार्यक्रम पाहिला तरी निवड साध्या आवाजावर जाऊ शकते. तेव्हा पुन्हा यादीत जाऊन ओळ तपासायची, एवढंच.

यावर सगळ्यात जोराने येणारा आक्षेप असा, की घरात माणसं आहेत, ती सांगतील ना काय चाललंय ते. सांगतात, आणि प्रेमाने सांगतात, हे खरं. पण शेजारी बसलेला माणूस दिसल्यावर बोलतो, म्हणजे नेमका पुढच्या संवादावर बोलतो. वर्णन लिहिणाऱ्याने चित्रपट आधी पाहिलेला असतो. पुढे शांतता किती सेकंदांची आहे हे त्याला माहीत असतं आणि तो तेवढ्यातच बसेल असं वाक्य बेततो. आपल्या भागातल्या माणसाला जंगलाच्या चित्रपटात हा फरक लगेच कळतो. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या अंध माणसाला वानराची किंवा चितळाची इशारत ओळखायला कुणाची मदत लागत नाही. तिथे वर्णनकाराने बडबड केली तर तो वैतागेल, आणि बरोबरच आहे. त्याला हवं असतं ते इशारतीनंतरचं: वाघ बाहेर आला की झुडपातच थांबला, त्याने कुठे पाहिलं. हे चार शब्द शांततेतच पडायला हवेत. घरचा माणूस त्या वेळी स्वतःच श्वास रोखून पाहत असतो! जन्मांधाला दृश्याचं काय, असंही काही जण विचारतात. वर्णनात रंगापेक्षा कृती जास्त असते. दार कुणी लावलं, पत्र कुणी लपवलं हे कळायला डोळ्यांची आठवण लागत नाही.

दुसरा आक्षेप डोळस मंडळींचा, की तो मधला आवाज आम्हाला त्रास देतो. हा मला खोटा वाटत नाही. एका टीव्हीवर एका वेळी एकच ध्वनिपट वाजतो, त्यामुळे सगळ्यांना तोच ऐकावा लागतो. हेडफोन लावला तरी बहुतेक संचांवर त्यातून तोच पट येतो. तोडगा आहे, पण थोडा खर्चाचा: तोच कार्यक्रम मोबाइलवर वर्णनासह लावून एका कानात इयरफोन घालायचा आणि दोन्ही एकदम सुरू करायचे. यासाठी एकाच वेळी दोन पडद्यांवर चालणारी वर्गणी लागते. फक्त मोबाइलची स्वस्त योजना घेतली असेल तर ती टीव्हीवर मुळातच चालत नाही.

भाषेच्या अडचणीवर मात्र घरात बसून तोडगा नाही. वर्णन मिळतं ते मुख्यतः इंग्रजीत, काही ठिकाणी हिंदीत. बल्लारपूर-घुग्घुसच्या खाणपट्ट्यात हिंदी सहज चालते, पण धानोऱ्याच्या आजीला किंवा भामरागडच्या माडिया घराला ती परकीच. मराठी वर्णन इतकं विरळ असण्याचं कारण तंत्रात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन द्यावं असं स्पष्ट आहे. पण 2019 मध्ये टीव्ही कार्यक्रमांसाठी जी मानकं आली ती कर्णबधिरांपुरती होती. जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी वर्णन तयार करायला सांगितलं, तेव्हा कुठे हा विषय बातम्यांत आला. मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं निघाली. म्हणजे पट बनवणं निर्मात्याच्या हातात आहे आणि त्याला मागणी दिसली पाहिजे. वरोऱ्याच्या आनंदवनात अंध विद्यालय आहे, 'स्वरानंदवन'मध्ये अंध कलाकार रंगमंचावर गातात. मराठी वर्णन कसं असावं, कुठे गप्प बसावं हे सांगायला अशा जागांहून चांगले परीक्षक कुठे मिळतील? ॲपमधल्या मदत विभागातून एखाद्या मराठी चित्रपटाचं नाव लिहून वर्णन मागता येतं, ते मागावं. मोघम तक्रारीपेक्षा चित्रपटाचं नाव असलेली मागणी बरी.

राहिला नेटवर्कचा प्रश्न. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि एरवीही आतल्या गावांत व्हिडिओ अडखळतो, म्हणून लोक गडचिरोलीत किंवा आलापल्लीत असतानाच मोबाइलवर उतरवून घेतात. इथे फसायला होतं. डाउनलोड करताना ॲप सगळे ध्वनिपट उतरवतंच असं नाही. म्हणून आधी तो कार्यक्रम चालू करून यादीत वर्णनाची ओळ निवडा, मिनिटभर ऐका, मग डाउनलोड करा. झाल्यावर मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून पुन्हा लावा आणि वर्णनाचा आवाज येतोय का ते ऐका. येत नसेल तर फाइल काढून टाका आणि गाडीत बसायच्या आधी, नेटवर्क आहे तोवर, पुन्हा उतरवा. डाउनलोडला मुदत असते, तीही त्याच पडद्यावर पाहून ठेवा. ती संपली की ॲपला पुन्हा इंटरनेट लागतं.