गुण वाढले, पण कशाने? सराव परीक्षेच्या वहीचा अभ्यास

बँकेच्या लिपिक पदाची तयारी करणारे विद्यार्थी दर रविवारी सराव परीक्षा देतात आणि वहीत एकच आकडा लिहून ठेवतात. मागच्या रविवारी एकूण ५१, या रविवारी ५३. दोन गुण वाढले की आठवडा बरा जातो, दोन घटले की जेवण गोड लागत नाही. नोकरी सांभाळून आम्ही मंडळाच्या अभ्यासिकेत बसतो तेव्हा अशा बऱ्याच वह्या पाहण्यात येतात. त्या एका आकड्यावरून सोमवारी सकाळी नेमके काय करायचे हे कुणालाच सांगता येत नाही.

परीक्षेची रचना प्रथम लक्षात घेऊ. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या या परीक्षेतील पदाचे नाव २०२५ पासून ग्राहक सेवा सहयोगी असे झाले असले तरी पूर्व परीक्षेचा साचा ओळखीचाच आहे. इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ३५ असे १०० प्रश्न. प्रत्येक विभागाला स्वतंत्र २० मिनिटे, एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा होतो, कोऱ्या प्रश्नाला काही वजा होत नाही. शिवाय तिन्ही विभागांत किमान गुणांची अट वेगवेगळी पार करावी लागते. म्हणून वहीत एकूण गुण नव्हे, तर प्रत्येक विभागाचे तीन आकडे हवेत : किती सोडवले, किती बरोबर, किती चूक.

घणसोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीची वही उदाहरणादाखल घेऊ. दिवसा नोकरी, वय एकतीस, आणि अनुसूचित जातीसाठी असलेली पाच वर्षांची सवलत धरून हाती उरलेल्या संधी दोनच. अंकगणितात तिचे चार रविवार असे गेले :

पहिला : सोडवले १४, बरोबर १२, चूक २, गुण ११.५०
दुसरा : सोडवले १७, बरोबर १३, चूक ४, गुण १२
तिसरा : सोडवले २०, बरोबर १४, चूक ६, गुण १२.५०
चौथा : सोडवले २४, बरोबर १५, चूक ९, गुण १२.७५

गुण दर आठवड्याला वाढत होते, त्यामुळे ती खूश होती. वेग वाढवायचा, हेच तिने ठरवले होते. पण पहिल्या आणि चौथ्या रविवारची तुलना करून पाहावी. दहा प्रश्न जास्त सोडवले, त्यांतून तीन बरोबर जास्त आले आणि सात चूक जास्त आले. तीन गुण मिळाले, पावणेदोन गेले, हाती राहिला सव्वा गुण. या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. डोळे मिटून दहा प्रश्नांवर खुणा केल्या तर सरासरीने दोन बरोबर, आठ चूक, म्हणजे दोन गुण मिळून दोनच वजा होतात. तिचे वाढीव दहा प्रश्न अंदाजपंचे खुणा करण्याच्या फारसे पुढे नव्हते. अचूकता ८६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांच्या आसपास उतरली होती आणि एकूण गुणांनी ती घसरण झाकून ठेवली होती.

आता अचूकता कमी म्हणजे विषय कच्चा, असा निष्कर्ष लगेच काढू नये. चुकण्याची कारणे दोन असतात : येत नाही म्हणून चुकते, किंवा येते पण घाईत चुकते. कोरे राहण्याचेही तसेच. हे वेगळे करण्याचा उपाय साधा आहे. त्याच दिवशी संध्याकाळी, उत्तरे पाहण्यापूर्वी, चुकलेले आणि कोरे राहिलेले सर्व प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडवायचे. कोणते प्रश्न पुन्हा घ्यायचे तेवढे क्रमांक मैत्रिणीकडून लिहून घ्यावेत. उत्तर एकदा डोळ्यांसमोर आले की प्रत्येक प्रश्नाबाबत ‘अरे, हे तर येत होते’ असे वाटते आणि सारी नोंद वाया जाते. हा मोह फार मोठा आहे.

चौथ्या रविवारी तिने हे केले. चुकलेल्या नवांपैकी पाच शांतपणे बरोबर आले, चार आलेच नाहीत. कोऱ्या अकरांपैकी सात आले, चार नाहीत.

हे चार गट समोर ठेवून हिशेब मांडला. येत असून चुकलेल्या प्रत्येक उत्तरात सव्वा गुण अडकलेला असतो, कारण मिळणारा एक जातो आणि वर पाव कापला जातो. पाच प्रश्नांचे सव्वासहा गुण झाले. न येणारे जे चार प्रश्न तिने सोडवले, ते नुसते कोरे ठेवले असते तरी एक गुण वाचला असता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळ वाचला असता. वीस मिनिटांत २४ प्रश्न म्हणजे प्रश्नामागे ५० सेकंद, चारांचे तीन मिनिटांहून अधिक. कोऱ्या सातांचे सात गुण दिसायला सर्वांत मोठे, पण ते मिळवायला वेळ कुठून आणायचा? तो आधीच्या दोन गटांतूनच सुटणार होता. म्हणून क्रम असा ठरला : प्रथम न येणारे प्रश्न पाहताच पुढे जाणे, मग घाईतल्या चुका, त्यानंतर वेग, आणि न येणारे नवे प्रकरण सर्वांत शेवटी.

पाच चुकांपैकी तीन सरळरूप देण्याच्या उदाहरणांत होत्या. रीत बरोबर, पण टक्केवारीचा अपूर्णांक करताना आकडा हुकला होता. तेव्हा रोज वीस मिनिटे तेवढाच सराव ठेवला. पाचव्या रविवारी तिने १८ सोडवले. सहा प्रश्न कमी झाले म्हणून ती धास्तावली, पण बरोबर १५ आणि चूक ३, गुण १४.२५. सहाव्याला १७ पैकी १५ बरोबर, सातव्याला १९ पैकी १६.

अचूकता एका आठवड्यावरून ठरवू नये हेही येथे सांगितले पाहिजे. वीस प्रश्नांत दोन इकडचे तिकडे झाले की दहा टक्के फरक पडतो, तो निव्वळ योगायोगही असू शकतो. तीन आठवड्यांची बेरीज करावी. तिच्या दुसऱ्या ते चौथ्या रविवारी ६१ पैकी ४२ बरोबर, म्हणजे ६९ टक्के, आणि पाचव्या ते सातव्या रविवारी ५४ पैकी ४६, म्हणजे ८५ टक्के. हा फरक खरा मानण्याजोगा होता, म्हणून आठव्या आठवड्यापासून वेगाचा सराव सुरू केला. बेरीज करताना सर्व पेपर एकाच मालिकेतील असावेत. एका मालिकेचा सोपा पेपर आणि दुसरीचा अवघड पेपर शेजारी लिहिले तर आकडे विद्यार्थ्याबद्दल नव्हे, पेपरबद्दल सांगतात.

मात्र ‘आधी अचूकता’ हा सर्वांना लागू पडणारा नियम नव्हे. कोपरखैरण्याच्या एका मुलाची बुद्धिमत्ता चाचणीत तीन रविवार अचूकता ९० टक्क्यांच्या वर होती. तो १६ सोडवायचा, १५ बरोबर, गुण १४.७५, आणि आकडा हलत नव्हता. घड्याळाशिवाय मात्र उरलेल्या १९ कोऱ्या प्रश्नांपैकी १५ त्याने बरोबर सोडवले. त्याला आणखी जपून सोडव म्हणणे म्हणजे नुकसान करणे. त्याच्याजवळ बसून वेळ टिपला तेव्हा दिसले की समोर आलेले बैठक व्यवस्थेचे पहिलेच कोडे तो सात मिनिटे सोडत नाही, आणि प्रत्येक उत्तर दोनदा तपासतो. त्याने क्रम बदलला. असमानता, अक्षरमालिका आणि निष्कर्षाचे प्रश्न आधी, कोडी नंतर, आणि चार मिनिटांत पकड आली नाही तर ते कोडे सोडून पुढे. पुढच्या रविवारी २२ सोडवले, १९ बरोबर, ३ चूक, गुण १८.२५. अचूकता ८६ टक्क्यांवर उतरली म्हणून तो विचारायला आला, तेव्हा आम्ही त्याला तसेच चालू ठेवायला सांगितले. तीन आठवड्यांची बेरीज ८० टक्क्यांच्या खाली आली तरच पुन्हा तपासू, असे वहीत लिहून ठेवले आहे.