आधी काकूंना विचार

चि. बाळास,


मुंबईच्या मुलाखतीचं पत्र आलं, हे ताईने कळवलं. फार बरं वाटलं. डोंबिवलीला काकांकडे उतरायचं तुझ्या मनात आहे म्हणे. मग "मी येतोय" असं कळवू नकोस, "जमेल का" असं विचार. तेही आधी काकूंना. काका "ये की, विचारतोस काय!" म्हणून मोकळे होतील. पण रात्री कोणाची गादी कुठे घालायची, सकाळी नळ जायच्या आत कोणाची आंघोळ उरकायची, डब्यांच्या घाईत आणखी चार पोळ्या कधी लाटायच्या, हे काकूंनाच बघावं लागतं.

मी बारा वर्षं वन-रूम-किचनमध्ये काढली आहेत. एकदा रात्री दहाला एका नातेवाइकांचा फोन आला, "स्टेशनवर उतरलोय." दुसऱ्या दिवशी मुलीचा दहावीचा गणिताचा पेपर. तिची गादी पाहुण्यांना दिली आणि ती ओट्याला टेकून फरशीवर गणितं सोडवत बसली. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? म्हणून विचारतानाच समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची.

काकूंना दुपारी तीनच्या सुमारास फोन कर, तेव्हा त्या जरा निवांत असतात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नकोस, चारचौघांत कोणी नकार देत नाही. असं बोल: "काकू, सोमवारी मुलाखत आहे, बुधवारी मेडिकल. रविवारी सकाळी महालक्ष्मीने कल्याणला उतरेन, बुधवारी रात्रीच्या गाडीचं परतीचं तिकीट काढलंय. तीन रात्री तुमच्याकडे राहिलो तर चालेल का? मित्राच्या खोलीवरही सोय होतेय, तेव्हा अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. आत्ताच सांगायला हवं असं नाही, परवा फोन करतो."

तिकीट खरंच आधी काढ. पाहुणा कधी जाणार हे कळलं की घरातल्या बाईचं निम्मं ओझं उतरतं. मित्राशीही आधी बोलून घे. ती सोय नुसती सांगण्यापुरती असली, तर काकू नाही म्हणाल्यावर तूच अडकशील.

परवाच्या फोनला "किती वाजता पोचशील? नाश्त्याला थांबू का?" असं आलं तर तो होकार. "यांच्याशी बोलायचं राहिलंय", "बहुतेक माहेरची मंडळी येणारेत" असं काही आलं तर तो नकार समज. पुन्हा विचारू नकोस, आईकडून शब्द टाकायला लावू नकोस. "काही हरकत नाही, मंगळवारी संध्याकाळी भेटून जातो" म्हण आणि खरोखर जा. त्यांच्या मनात रुखरुख राहणार नाही.

मुलाखतीला अजून अठरा दिवस आहेत. आज तिकीट काढ, उद्या दुपारी काकूंना फोन कर.

तुझी,
मावशी