मैत्रीची वीण उसवताना



मिस्सेनंतर देवळाच्या व्हरांड्यात मला अधूनमधून एक प्रश्न विचारला जातो. (कुमसारातल्या गोष्टी मी इथे लिहीत नाही, हे तुम्ही जाणताच.) प्रश्न असा : "फादर, एखाद्या मैत्रिणीपासून दूर व्हावंसं वाटणं पाप आहे का?" विचारणाऱ्याचा आवाज बहुधा दबका असतो. नवरा-बायकोच्या भांडणाविषयी लोक मोकळेपणी बोलतात, पण मैत्रीतल्या थकव्याविषयी बोलायला त्यांना लाज वाटते.

माझे उत्तर असे. विवाहात आपण वेदीसमोर वचन देतो. मैत्रीत असे वचन नसते. दुसऱ्याचे भले चिंतणे हे प्रत्येक माणसाशी आपले कर्तव्य आहे, पण प्रत्येकाच्या जवळ राहणे हे कर्तव्य नाही. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि मग मनात अपराधीपणा साचतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथातला एक छोटा भाग वाचनात आला. नवव्या भागातले तिसरे प्रकरण. मैत्री कधी संपवावी, याच प्रश्नावर तो तिथे थांबतो. तो म्हणतो की सोयीसाठी किंवा करमणुकीसाठी जमलेली मैत्री ते कारण संपले की सुटते, यात नवल नाही. आपल्याकडे पाहा : बोईसरच्या एमआयडीसीत एकाच शिफ्टला असणारे, एकाच लोकलने येणारे-जाणारे सोबती. कंपनी बदलली, शिफ्ट बदलली, आणि सहा महिन्यांत फोनही थांबले. यात कुणाचाच दोष नाही. मित्र वाईट मार्गाला लागला तर मात्र त्याला लगेच सोडू नये, सुधारण्याची आशा आहे तोवर मदत करावी, असे तो सांगतो. आणि एकजण वाढत गेला, दुसरा होता तिथेच राहिला, तर पूर्वीची जवळीक टिकणार नाही. तरीही जुन्या सहवासाचे काही देणे उरतेच. त्या माणसाशी परक्यासारखे वागू नये. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लहानपणी एकाच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या दोघी. एक रोज रात्री तासभर फोन करते. सासू, जाऊ, नवऱ्याची नोकरी, तेच ते. दिलेला प्रत्येक सल्ला ती बाजूला सारते. दुसरीचा मुलगा आठ दिवस तापाने पडला, त्याची चौकशी तिने एकदाही केली नाही. फोन वाजला की दुसरीच्या पोटात गोळा येतो.

इथे पहिले काम म्हणजे तपासणे. मैत्रीण सध्या संकटात आहे की तिची रीतच अशी आहे? ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, आजार आहे, नोकरी गेली आहे, तो काही काळ घेतच राहणार. ते ओझे मैत्रीतच येते. मागची चार-पाच वर्षे डोळ्यांसमोर आणा. कधीतरी प्रवाह उलटा वाहिला होता का? वाहिला असेल तर थांबा, धीर धरा.

वाहिला नसेल तर एकदा, एकदाच, स्पष्ट सांगा : "अगं, रात्री नऊनंतर मला फोन जमत नाही. रविवारी मिस्सेनंतर आपण अर्धा तास बसू." खोटी कारणे देऊ नका, ती दोन आठवड्यांत उघडी पडतात आणि मग दुखापत दुप्पट होते. महिनाभर पाहा. तिने ही मर्यादा मानली तर मैत्री संपवायचे कारणच उरत नाही. पुष्कळदा गोष्ट इथेच सुधारते. ती रागावली, चार ठिकाणी बोलली, फोन मात्र तसेच करत राहिली, तर तुम्हाला उत्तर मिळाले. मग हळूहळू कमी करा. फोन रोज उचलू नका, पण सवडीने दोन ओळींचा निरोप पाठवा. उसने पैसे अडकले असतील तर त्यांचा निकाल लावा : परत मागा किंवा सोडून दिले असे सांगा, अधांतरी ठेवू नका. आणि तिने विश्वासाने सांगितलेली गुपिते मैत्रीबरोबर मोकळी होत नाहीत. ती तुमच्याजवळच राहिली पाहिजेत.

एक अपवाद आहे. "तू गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन," असे कुणी म्हणाले तर ते धमकी समजून दुर्लक्ष करू नका आणि एकट्याने पेलूही नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ ही सरकारची मोफत 'टेलिमानस' सेवा आहे. तिथे फोन लावून द्या.

आपण एकाच धर्मग्रामात राहतो, हीही एक अडचण. दर रविवारी समोरासमोर येणारच. शांतीचा नमस्कार करताना तोंड फिरवू नका. तिच्या घरच्या लग्नाला जा, अंत्यविधीला जा. ॲरिस्टॉटलचे ते 'देणे' आपल्या गावात असेच फिटते.

दूर होण्याची रीत चुकली की काय होते, हे टिळक-आगरकरांच्या मैत्रीत दिसते. दोघेही १८५६ साली जन्मलेले, डेक्कन कॉलेजात भेटलेले. शाळा आणि 'केसरी' त्यांनी मित्रांसह उभी केली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकारण, आणि संस्थेचा कारभार कसा चालवावा, यावरून मने फाटली. आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. मतभेद टाळता आले नसते, असे मला वाटते. पण भांडण छापून होत राहिले, आणि छापलेला शब्द मागे घेता येत नाही. आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले, अवघ्या अडतीसाव्या वर्षी. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तोवर ऐकणारा राहिला नव्हता. आज 'छापणे' म्हणजे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे. हात आवरा.

आता दुःखाविषयी. माणूस गेला की आपण प्रेतयात्रा काढतो, महिन्याची मिस्सा ठेवतो, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतो. मैत्री विझली तर कुणी विचारत नाही, कारण माणूस तर जिवंत आहे, बाजारात दिसतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी अशा दुःखाला, ज्याला समाज दुःख म्हणूनच मान्यता देत नाही, १९८९ च्या ग्रंथात नाव दिले. ते दुःख खरे असते. आपणहून दूर झालेल्यालाही ते होते. त्यावरून निर्णय चुकला असे समजू नका.

ज्यांना सोडले गेले त्यांचे वेगळे. फोन येईनासे झाले, मनात शंका आली, तर एकदा ठरावीक दिवस सांगून बोलवा. "या शनिवारी येशील का?" जमत नाही म्हणाली आणि दुसरा दिवसही सुचवला नाही, असे दोनदा झाले, तर तिसऱ्यांदा विचारू नका. तिच्या नावाने एक पत्र लिहा : काय मिळाले, काय दुखले. ते पाठवायचे नाही. घरातल्या एकाला तरी सांगा की मी का गप्प आहे. जुने फोटो फाडू नका. ते दिवस खोटे नव्हते. तिचा वाढदिवस आला की मन हलेल, काही वर्षे हलेल. त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत तिचे नाव घ्या, आणि कामाला लागा.

तुमचा,
फादर