पिंपळापर्यंतची वाट: सांकेतिक खुणांचा खेळ रचताना

चि. भाचीस,


खजिनाशोधाच्या चिठ्ठ्या चढत्या क्रमाने अवघड करायच्या, तर एक नियम पुरतो: आधीची चिठ्ठी ज्या युक्तीने सुटली, ती युक्ती पुढच्या चिठ्ठीवर एकटी चालू नये.

पहिल्या चिठ्ठीत अक्षरे सरकवावीत. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे नेत असे. मराठीत क ते ळ ही 34 व्यंजने ओळीने लिहून ती चक्राकार धरावीत. मात्रा व अनुस्वार जागेवर ठेवावेत. तीन घरे सरकल्यावर ‘पिंपळ’चे ‘भिंभग’ होते. शक्यता फक्त 33 असल्याने चौदा-पंधरा वर्षांची मुले ती कागदावर तपासू शकतात. स्वराने सुरू होणारे शब्द आणि जोडाक्षरे येथे टाळावीत. त्यांतच गोंधळ होतो.

दुसऱ्या चिठ्ठीत अक्षरे तीच राहतात, जागा बदलतात. ‘जिन्याखाली शोधा’ची सहा अक्षरे तीन-तीनच्या दोन ओळींत मांडून उभी वाचली की ‘जिलीन्याशोखाधा’ मिळते. जोडाक्षर येथे एकच अक्षर मानावे. सरकवण्याची सवय झालेल्यांना येथे वेगळा विचार करावा लागतो.

तिसरीत सरकणे परत येते, पण दर अक्षराला वेगळे. जिओव्हान बॅटिस्टा बेलासोने 1553 मध्ये किल्लीचा शब्द वापरणारी अशी पद्धत छापली. मुलांसाठी शब्दाऐवजी आकडे सोपे. किल्ली 3-1-4 असेल, तर ‘पिंपळ’चे ‘भिंफघ’ होते. पहिल्या चिठ्ठीत दोन्ही ‘प’ एकाच अक्षरात लपले आणि ती पुनरुक्ती सुगावा देत होती. येथे एक ‘भ’ झाला, दुसरा ‘फ’. तीन आकड्यांच्या किल्ल्या 1000 होतात आणि इतक्या छोट्या मजकुरात अक्षरांची वारंवारता मोजूनही काही हाती लागत नाही. म्हणून ही किल्ली अंदाजावर सोडू नये. ती जिन्याखालच्या खुणेतच ठेवावी, उदाहरणार्थ तीन रंगांच्या खडूंच्या संख्येत. त्यामुळे मधला टप्पा गाळून पुढे जाताही येत नाही.

चिठ्ठी बनवणाऱ्याला उत्तर माहीत असल्याने तिचा अवघडपणा त्याला जाणवत नाही. खेळाच्या आधी सगळ्या चिठ्ठ्या बाहेरच्या एखाद्याकडून, मुलांना मिळेल तेवढ्याच साहित्यावर सोडवून घ्याव्यात. सांकेतिक मजकूर उलट सोडवूनही तपासावा, कारण एका चुकलेल्या अक्षराने गट भलत्याच जागी जातो. मुले लिहिणे सोडून जागांचे अंदाज बांधू लागली, तर टप्पा जड झाला असे समजावे. त्यासाठी प्रत्येक टप्प्याला एक बंद पाकीट ठेवावे आणि ठरलेल्या वेळेनंतर उघडू द्यावे. पाकिटात उत्तर नसावे, फक्त पहिले अक्षर सोडवून दाखवलेले असावे.

तुझा,
मामा