सरळ जिन्याचे कानमंत्र

हे बघ, रेव्हिटमध्ये जिना काढायच्या आधी कागदावर एक भागाकार कर. आपल्या भुकूमच्या बंगल्यात खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत ३१५० मिमी आहे. फरशी ते फरशी म्हणतोय मी, स्लॅब ते स्लॅब नव्हे. उताराच्या प्लॉटवर हॉलचा मजला एकीकडे आणि पार्किंगचा दुसरीकडे असतो, त्यामुळे `Base Level` कुठला धरलाय ते आधी तपास.

टाइपमध्ये `Maximum Riser Height` १९० असेल, तर सॉफ्टवेअर आपणहून १७ उंच्या धरतं आणि एकेक येते १८५.३ मिमी. राष्ट्रीय इमारत संहितेत घरासाठी १९० पर्यंत चालतं, म्हणून नियमाने चूक काहीच नाही. पण हा दशांश गवंडी टेपवर कुठे शोधणार? `Desired Number of Risers` मध्ये १८ टाक. बरोबर १७५ येते आणि ९-९ असे दोन समान भाग पडतात.

आता `Automatic Landing` चालू ठेवून पहिला भाग ओढ. स्क्रीनवर ९ झाल्या, ९ उरल्या असं दिसलं की क्लिक कर. त्याच रेषेत १००० मिमी सोड आणि दुसरा भाग तिथून सुरू कर. जिना मीटरभर रुंद आहे, मग लँडिंग त्याहून कमी नको. उंच्या ९ असल्या तरी पाय ठेवायच्या पायऱ्या ८ च, कारण नववी उंची चढलास की तू लँडिंगवर असतोस. वरच्या भागात तिथे स्लॅब येतो. २७० मिमीच्या पायरीने दोन्ही भाग आणि लँडिंग धरून ५३२० मिमी लांबी लागते. नवी पोरं १८ गुणिले २७० करतात नि जिना भिंतीत घुसवतात.

डोक्यावरची जागा सॉफ्टवेअर आपणहून तपासत नाही. जिन्याच्या मधोमध सेक्शन काप आणि कटआउटच्या कडेचा बीम त्यात दिसतोय का ते बघ. नुसता १२५ चा स्लॅब आणि वर ५० ची फरशी असेल, तर खालची बाजू २९७५ वर येते. संहितेला २२०० मोकळे हवेत, म्हणजे चौथ्या पायरीवर, ७०० उंचीवर, २२७५ मिळतात आणि पाचवीवर अडतं. पण आरसीसीवाल्याने तिथे ४०० चा बीम दिला की तळ २७०० वर उतरतो. मग दुसऱ्या पायरीवर २३५० आहेत, तिसरीवर २१७५ च. म्हणजे कटआउट पहिल्या उंचीपासून ५४० मिमीच्या आत सुरू व्हायला हवा, बीम नसता तर १०८० चालले असते. हे माप पायरीच्या पुढच्या कडेवरून सरळ वर घे, तिरकं नको. प्लॅस्टरचे १२-१५ मिमीही वजा कर.

बीम सरकवायचा तर आरसीसीवाल्याला आजच फोन कर, सळई बांधून झाल्यावर तो ऐकत नाही.