वाळूच्या पेटीतून कोयनेचा भूकंप : एक पाठटिपण

भूपट्टांचा पाठ शिकविताना बहुधा हिमालयाचे उदाहरण दिले जाते. पेटीत ओलसर वाळू पसरून एका बाजूने लाकडी ठोकळा हळूहळू लोटला की वाळूला वळ्या पडतात. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या मंद गतीने उत्तरेकडे सरकतो व त्याच्या कडेशी असा पर्वत उभा राहतो, हे मुलांना चटकन पटते. परंतु पाटण किंवा शिराळा तालुक्यातील मूल लगेच विचारते की, मग आमच्याकडे जमीन का हलते? कोयना ही त्या कडेपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे. "येथेही दोन भूपट्ट मिळतात" असे उत्तर देणे चुकीचे होय. भूपट्टावरील दाब त्याच्या अंतर्भागातही पोहोचतो, आणि तेथील जुन्या भेगा त्या दाबाने अधूनमधून सरकतात.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात झालेला सुमारे ६.३ प्रतीचा भूकंप याच प्रकारचा होता. त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. तेथे सुमारे एक किलोमीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटचा जुना खडक आहे. त्यातील साधारण उत्तर-दक्षिण, किंचित ईशान्येकडे झुकलेल्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींस घासून सरकल्या.

हे दाखविण्यासाठी हातभर लांबीच्या दोन सारख्या फळ्या पेटीत उत्तर-दक्षिण अशा चिकटून ठेवाव्यात. त्यांवर चाळलेल्या बारीक वाळूचा दोन-तीन सेंटीमीटर थर द्यावा. वाळूचा लाडू वळावा, पण दाबल्यास पाणी सुटू नये, इतपतच ती ओली असावी. थर पेटीच्या भिंतींना टेकू देऊ नये. मग फळ्यांच्या सांध्यावरून आडव्या रांगोळीच्या तीन-चार रेघा ओढाव्यात. फळ्या म्हणजे खालचा ग्रॅनाइट, वाळू म्हणजे वरचा काळा पाषाण.

फळी हलविण्यापूर्वी मुलांनी वहीत अंदाज व त्याचे कारण लिहावे : रेघ वाकेल की तुटेल? भेगा सांध्यालगत सरळ पडतील की तिरकस? पूर्वेस उभ्या राहिलेल्या मुलाला पलीकडची रेघ कोणत्या हाताला गेलेली दिसेल, आणि पश्चिमेस उभ्या असलेल्याला? शिक्षकाने या वेळी मुद्रेनेही उत्तर सुचवू नये.

आता पश्चिमेची फळी हळूहळू दक्षिणेकडे ओढावी. आधी रेघ वाकते, मग सांध्यावर एकामागून एक तिरकस भेगा उमटतात, शेवटी रेघ तुटते. दोन्ही बाजूंच्या मुलांना पलीकडची बाजू डावीकडेच गेलेली दिसते, आणि बहुतेकांचा अंदाज येथे चुकतो. १९६७ साली कोयनेच्या खोऱ्यात दोणीचावाडा परिसरात जमिनीवर अशाच तिरकस भेगा पडल्या होत्या व सरकणेही डावीकडचेच होते. वाळू कोरडी असेल तर भेगा उमटत नाहीत, ती घसरून बुजते. थर फार जाड झाल्यास रेघ नुसती वाकते.

फळी मात्र हाताने सलग सरकते. भूकंप तसा होत नाही. त्यासाठी सुताराचा काचकागद पाटावर चिकटवून त्यावर एक ठोकळा ठेवावा, ठोकळ्यावर दगडाचे वजन द्यावे, व सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून ती सेंटीमीटर-सेंटीमीटरने ताणावी. पट्टी ताणली जाते, ठोकळा जागचा हलत नाही, आणि मग एकदम उडी घेतो. किती ताणावर तो सुटेल, हे प्रत्येक वेळी आधी लिहून घेऊन प्रयोग दहा वेळा करावा. समजा, एकदा तो चार सेंटीमीटरवर सुटला, तर पुढच्या खेपेस सहावरही सुटेल. सुटणार हे निश्चित, केव्हा ते नाही. गावात भूकंपाची तारीख सांगणाऱ्या अफवा उठतात, तेव्हा मुलांना हा तक्ता आठवेल.

शेवटी ठोकळा सुटण्याच्या बेतात असताना हात थांबवून विचारावे : ताण न वाढविता वरचा दगड अलगद उचलला तर? ठोकळा सरकतो. शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर तेथे धक्के जाणवू लागले, त्याचे एक कारण असेच सांगतात. खोल झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने भेगेची पकड सैल होते. ताण मात्र पाण्याने निर्माण केलेला नसतो. तो आधीच साठलेला असतो. वारणेचे चांदोली धरण भरू लागल्यानंतर काही वर्षांनी, १९९३ पासून, त्या बाजूलाही धक्के वाढले. येथे काचकागदावर पाणी ओतून दाखविण्याचा मोह टाळावा. त्याने फक्त कागद भिजतो. खडकाच्या छिद्रांतील पाण्याचा दाब त्यातून दिसत नाही.

गुण देताना, "केव्हा सुटेल ते सांगता येणार नाही, कारण दहा वेळा वेगवेगळे आले" असे लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर पूर्ण बरोबर धरावे. एकच आकडा लिहून योगायोगाने जुळलेल्या मुलाला त्याचे कारण विचारावे.